‘एकट्याने आलो’ असे लिहिण्याआधी

जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की मोबाइलवर एक ठरावीक कॅप्शन फिरू लागते. फोटो पुण्यातला किंवा मुंबईतला असतो. कधी ऑफिसच्या बाल्कनीतला, कधी नव्या फ्लॅटच्या दारातला. खाली मजकूर साधारण असा: ‘दहा वर्षांपूर्वी याच महिन्यात एक बॅग घेऊन एकटाच या शहरात उतरलो. ओळखीचं कुणी नव्हतं. या शहराने मला घडवलं. आज जो काही आहे, तो स्वतःच्या जिवावर. थँक यू पुणे.’

हे लिहिणारे आमचेच असतात. कागल, शिरोळ, हातकणंगले, राधानगरीच्या बौद्धवाड्यांतून निघालेली पोरे-पोरी. रात्रीच्या एसटीने पहाटे स्वारगेटला उतरलेली. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला शंका नाही, आणि त्यांचा आनंद हिरावून घ्यायचीही आमची इच्छा नाही. गावातल्या मुलीला तर आणखी एक भिंत ओलांडावी लागते. वस्तीतून ‘पोरगी एकटी कशी राहील’ हा प्रश्न आणि गावातून ‘यांच्या पोरी आता शहरात चालल्या’ ही कुजबुज, दोन्ही ऐकून ती गाडीत बसते. तिने दहा वर्षांनी ताठ मानेने फोटो टाकला तर आम्ही पहिली टाळी वाजवू.

आमचे भांडण त्या कॅप्शनच्या तीन शब्दांशी आहे: ‘एकटाच’, ‘शहराने’ आणि ‘स्वतःच्या जिवावर’. हे तीन शब्द आमचे नाहीत. ते दुसऱ्यांच्या घरातून उसने आणलेले आहेत, आणि त्याचे व्याज पुढच्या वर्षी शहरात येणाऱ्या आमच्याच पोरांना भरावे लागते. कसे, ते नीट मांडायचे तर दहा वर्षांचा एक जुना हिशोब उघडावा लागेल. तो बाबासाहेबांचा आहे.

जुलै 1913 ते एप्रिल 1923

2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजी गेले. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. ‘एकट्याने मोठ्या शहरात’ हे शब्द वापरायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. डोक्यावर बापाचे छत्र नाही, घरी पत्नी आणि तान्हे मूल, समोर अनोळखी खंड. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये ते आधी उतरले. तिथले जेवण मानवेना म्हणून थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसोबत राहायला गेले, आणि तिथून लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. तिथे सोबती होता नवल भथेना हा पारशी मित्र. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता या ‘एकट्या’ माणसामागे काय उभे होते ते पाहू. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यासाठी करार झाला होता आणि शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची अट त्यात होती. मुंबईत रमाई संसाराचा गाडा ओढत होत्या. म्हणजे पैसा एका संस्थानाचा, घराचा भार एका बाईच्या खांद्यावर, आणि खोलीतली सोबत एका मित्राची. बुद्धी आणि अठरा-अठरा तासांचा अभ्यास बाबासाहेबांचा, यात वादच नाही. पण त्या बुद्धीला बसायला टेबल आणि दोन वेळचे जेवण या तिघांनी मिळून दिले.

न्यूयॉर्कने बाबासाहेबांना काय दिले? 1915 मध्ये एम.ए.ची पदवी. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला, भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट, जी त्यांनी पुढे स्वतःच्या आठवणींत नोंदवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात ते सांगतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. मोठ्या शहराने मला काय बनवले, या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर आम्ही वाचलेले नाही. शहर जात मोडत नाही, काही काळ तिचा विसर पाडते. तेवढा विसरही माणसाला उंच करून जातो, हे खरेच आहे.

तिथेच कॅप्शन लिहून ते थांबले असते तर ते आजच्या कॅप्शनसारखेच झाले असते. पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला हजर झाले.

सरायच्या वहीतले नाव

बडोद्याला उतरल्यावर पहिला प्रश्न आला तो आजच्या प्रत्येक पोराला येतो तोच: राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी सरायमध्ये गेले तर तिथला रखवालदार म्हणाला की जागा फक्त पारशांसाठी आहे. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचे दीड रुपया भाडे द्यायचे, या बोलीवर वरच्या मजल्यावर सोय झाली. कोलंबियातून शिकून आलेला, संस्थानाच्या महालेखापाल कार्यालयात उमेदवारी करणारा अधिकारी एका रिकाम्या, अंधाऱ्या इमारतीत खोट्या नावाने राहत होता.

अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. कोण आहेस, सराय बाटवलीस, संध्याकाळपर्यंत निघ. बाबासाहेबांनी आठ दिवसांची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. गावात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला की तुला घरात घेतले तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारायचे कारण पुढे केले. मग रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. या घटनेला अठरा वर्षे झाल्यावर लिहितानाही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नोंदवले आहे.

शहर, पदवी आणि पद या तिघांनी मिळून जे पुसले होते, ते सरायच्या एका वहीने अकरा दिवसांत परत लिहिले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतलीच.

ती वही आजही आहे. फक्त तिचे नाव बदलले आहे. ‘फुल नेम काय?’ ‘मूळ गाव कुठलं?’ ‘नॉनव्हेज चालत नाही बरं का आमच्याकडे.’ पुण्यात खोली शोधणाऱ्या आमच्या पोरांना हे तीन प्रश्न पाठ झाले आहेत. पहिल्याच फोनवर आडनाव सांगितले की खोली ‘आत्ताच गेली’ असते. दिल्ली परिसरात अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांसाठी उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांनी चौकशा करून हे पद्धतशीर तपासले. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घरासाठी नाव बदलले की उत्तर बदलते, हे त्यात दिसले: कुणाला सरळ नकार, कुणाला जास्तीच्या अटी, कुणाला जास्तीचे भाडे.

दहा वर्षांच्या कॅप्शनमध्ये ही वही कधीच येत नाही. खोली मिळाली एवढेच येते. किती दारांवरून परत फिरावे लागले, कुठे आडनाव गिळावे लागले, हे येत नाही. कारण उघड आहे. कॅप्शन वाचणाऱ्यांत टीम लीड आहे, घरमालक आहे, सोसायटीचा ग्रुप आहे. भीती खरी आहे आणि त्या भीतीसाठी आम्ही कुणाला दोष देत नाही. पण जे लपवावे लागते ते नव्हतेच, असे लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘या शहराने मला घडवलं’ असे लिहिताना आपण त्या वहीला निर्दोष असल्याचा दाखला देत असतो.

कोल्हापूर कुठे येते

बाबासाहेबांची दहा वर्षे अजून संपलेली नाहीत, आणि आता हिशोब आमच्या गावाकडे वळतो.

शाहू महाराजांना खोलीचा प्रश्न बाबासाहेब बडोद्याला जाण्याच्या वीस वर्षे आधीच कळला होता. 1896 मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. कागदावर ते सर्वांसाठी होते. काही वर्षांत त्यात ब्राह्मण विद्यार्थीच उरले, कारण व्यवस्था ज्यांच्या हातात होती त्यांनी बाकीच्यांना तिथे टिकू दिले नाही. दार उघडे आहे असे नुसते जाहीर केल्याने दार उघडत नाही, हा धडा महाराजांनी तिथे घेतला. म्हणून 1901 पासून त्यांनी एकेका समाजासाठी वेगळी वसतिगृहे काढायला पाठबळ दिले: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचे नाव त्याला दिले होते, म्हणून ते मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

26 जुलै 1902 चा पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश आज सगळ्यांना पाठ असतो. पण खेड्यातले पोर शहरात राहूच शकले नाही तर राखीव जागेवर बसणार कोण? आरक्षणाच्या आदेशाला जिवंत माणसे पुरवण्याचे काम या बोर्डिंगांनी केले. खाट, ताट आणि दिवा या तीन गोष्टींशिवाय गुणवत्तेचा जन्म होत नाही, हे शाहूंना कळले होते.

हाच राजा 1920 मध्ये बाबासाहेबांच्या मागे उभा राहिला. जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. मार्चमध्ये आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि महाराजांनी तिथे येऊन सर्वांसमोर सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. त्या प्रवासाचा पैसा तीन ठिकाणांहून आला: सिडनहॅमच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत, आणि पाच हजार रुपयांचे कर्ज. कर्ज देणारा होता नवल भथेना. न्यूयॉर्कच्या खोलीतला तोच मित्र.

बडोद्यात लाठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि लंडनचे कर्ज देणारा मित्रही पारशी होता. शहरात आपल्याला हाकलणारे भेटतात आणि हात देणारेही भेटतात. ‘शहराने घडवलं’ म्हटले की दोघेही एका गोणीत जातात. हाकलणारे सुटतात आणि हात देणारे पुसले जातात.

एप्रिल 1923 मध्ये बाबासाहेब परतले. न्यूयॉर्कला पाऊल टाकल्याला दहा वर्षे पुरी होत आली होती. हाताशी पीएच.डी. आणि डी.एस्सी.चे काम, आणि बॅरिस्टरी. त्या काळात साऱ्या हिंदुस्थानात इतके शिकलेले लोक बोटावर मोजण्याइतके होते. ‘स्वतःच्या जिवावर’ हे शब्द शोभले असते तर इथे शोभले असते.

त्यांनी काय केले? आग्र्याच्या भाषणातली, शिकलेल्यांनी धोका दिल्याची खंत आम्ही सगळेच फॉरवर्ड करतो. त्याआधीचे हे पान मात्र कुणी उघडत नाही. 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या उद्देशांत शिक्षणाचा प्रसार होता आणि त्यासाठी वसतिगृहे काढणे होते. जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झालेही. मोठ्या शहरातल्या दहा वर्षांनी त्यांना काय बनवले याचे उत्तर त्यांनी असे दिले: दुसऱ्यांच्या पोरांसाठी खाट, ताट आणि दिवा. स्वतःला जे मिळाले होते तेच, ज्यांना मिळणार नव्हते त्यांच्यासाठी.

उसनी कॅप्शन कुणाची

आता त्या तीन शब्दांच्या मूळ मालकाकडे येऊ. सवर्ण घरातला मुलगा पुण्याला येतो तेव्हा त्याचेही कॅप्शन ‘एकटाच आलो’ असेच असते. पण सदाशिव पेठेत आत्या असते. काकांच्या ओळखीने खोली मिळते आणि आडनाव सांगितल्यावर डिपॉझिट कमी होते. पहिल्या इंटर्नशिपचा फोन बाबांच्या वर्गमित्राला जातो. समाजाचे वसतिगृह असते, ज्ञातीची शिष्यवृत्ती असते. हे सगळे इतके सवयीचे असते की त्याला ते दिसतही नाही. हवा दिसत नाही तसे. म्हणून तो खुशाल लिहितो: स्वतःच्या जिवावर.

त्याचे हे विस्मरण त्याच्या फायद्याचे आहे. मदत अदृश्य राहिली की यशाला ‘मेरिट’ म्हणता येते, आणि ज्यांची मदत सरकारी कागदावर दिसते त्यांना ‘फुकटे’ म्हणता येते. आत्याच्या घरातल्या खोलीचा शासन निर्णय निघत नाही. आमच्या खोलीचा निघतो. एवढाच काय तो फरक, पण याच फरकावर अख्खे आरक्षणविरोधी राजकारण उभे आहे.

तोच मजकूर आमचा मुलगा स्वतःच्या फोटोखाली चिकटवतो तेव्हा काय होते? तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार बनतो. ‘बघा, तुमच्यातलाच हा, कुठल्याही सवलतीशिवाय पुढे गेला, मग बाकीच्यांना कशाला हवी शिष्यवृत्ती?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला आयता पुरावा मिळतो. तो मुलगा पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीवर शिकलेला असतो. ही योजना 1944 मध्ये सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांच्या पाठपुराव्याने. म्हणजे त्याच्या फीची पावती बाबासाहेबांच्या सहीपर्यंत जाऊन पोहोचते, आणि तो लिहितो की ओळखीचे कुणी नव्हते.

काही मित्र म्हणतात, ‘आम्ही जन्मभर कृतज्ञच राहायचं का? सवर्णाला विचारता का कधी?’ प्रश्न रास्त आहे. कुणापुढे वाकण्याची कृतज्ञता आम्हीही मागत नाही. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, उपकार नाही. पण हक्क नोंदवहीत राहिला तरच टिकतो. जो हक्क वापरणारेच ‘आम्ही वापरला नाही’ म्हणतात, तो रद्द करताना सरकारला कुणाला उत्तर द्यावे लागत नाही. आम्ही मागतो आहोत ती कृतज्ञता नाही, साक्ष आहे.

साठ हजारांचा हिशोब

ही साक्ष किती तातडीची आहे ते एका योजनेवरून पाहू. सरकारी वसतिगृहात जागा कमी आणि अर्ज जास्त, हे नेहमीचेच. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जाहीर झालेल्या रचनेनुसार पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये: भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000.

समजा, शिरोळ तालुक्यातली एक मुलगी बारावीनंतर पुण्यात पदवीला आली. निवासाचे 20,000 बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 1,667 रुपये पडतात. कॉलेजचे दहाच महिने धरले तरी 2,000. एवढ्यात कॉट बेसिसवर एक खाट मिळते का, हे कुणीही सदाशिव पेठेत जाऊन विचारून पाहावे. जेवणाचे महिन्याला 2,667, म्हणजे दिवसाला 90 रुपयांच्या आत दोन वेळचे जेवण आणि नाश्ता. निर्वाहाच्या 667 रुपयांत बसचा पास, पुस्तके, मोबाइल आणि गावाकडचे जाणे-येणे.

रक्कम अपुरी आहे, पण खरी अडचण वेळेची आहे. खोलीचे डिपॉझिट प्रवेशाच्या आठवड्यात लागते. स्वाधारचा अर्ज मात्र वसतिगृहात नंबर लागला नाही हे कळल्यावर पुढे सरकतो, मग कागदपत्रांची छाननी, मग हजेरीचा दाखला, मग हप्ता. पैसे हातात पडेपर्यंत सत्र संपत आलेले असते, कधी वर्षही. तोवरचे महिने कोण भागवते? बहुतेक घरांत आई, बचत गटातून कर्ज काढून. म्हणजे सरकार मुलीला पैसे देते ते खरे तर आईच्या कर्जाची उशिरा केलेली परतफेड असते, आणि व्याज आईच भरते. बाबासाहेबांचे साडेअकरा पौंडही चैनीचे नव्हते, पण ते दरमहा ठरलेले होते आणि किती काळ मिळणार ते आधीच माहीत होते. 1913 च्या एका संस्थानाला जी खात्री देता आली, ती आजच्या व्यवस्थेला देता येत नाही.

अर्ज अडतो कुठे, हे आम्हाला वर्षानुवर्षे फॉर्म भरून देताना कळले आहे. पहिली जागा भाड्याच्या खोलीचा पुरावा. आडनाव कळल्यावर जेमतेम खोली देणारा मालक करारावर सही करायला तयार होत नाही. सरायची वही पुन्हा इथे आडवी येते. दुसरी जागा बँक खाते. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलीने अर्जात एक खाते लिहिलेले असते आणि आधार जोडलेले असते दुसऱ्याच, गावात कधीतरी उघडलेल्या आणि बंद पडलेल्या खात्याला. अर्ज मंजूर दिसतो, पैसे मात्र दिसत नाहीत. बँकेत जाऊन ‘माझे आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलेले आहे’ एवढा एक प्रश्न जूनमध्येच विचारला तर सहा महिने वाचतात. तिसरी जागा उत्पन्नाचा दाखला. अडीच लाखांची मर्यादा वर्षानुवर्षे तिथेच थांबली आहे. दोघे मजुरी करणाऱ्या घराचे उत्पन्नही आता तिच्या काठावर येऊन ठेपते.

या तिन्ही गोष्टी बदलायला मोर्चा लागतो, निवेदन लागते, आमदाराच्या दारात बसावे लागते. त्या मोर्चात ताकदीने कोण बोलू शकतो? ज्याने ही वाट दहा वर्षांपूर्वी तुडवली तो. त्याच्याकडे आकडे आहेत, तारखा आहेत, पावत्या आहेत. पण त्याने जाहीर करून टाकले आहे की तो स्वतःच्या जिवावर आला. आता तो कोणत्या तोंडाने बोलणार?

मग काय लिहायचे

कॅप्शन लिहू नका, असे आम्ही म्हणत नाही. लिहा, पण हिशोब पुरा लिहा. कुठल्या वसतिगृहात राहिलात त्याचे नाव लिहा. शिष्यवृत्ती किती मिळाली आणि किती महिने उशिरा मिळाली ते लिहा. आईने कोणत्या गटातून किती उचलले, खोली शोधताना किती दारांनी आडनाव विचारले, आणि कुणी न विचारता किल्ली हातात दिली, तेही लिहा. नोकरीला धोका वाटत असेल तर शहरातल्या वहीबद्दल गप्प राहा, ते आम्ही समजू शकतो. पण निदान वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे नाव गाळू नका. तेवढ्याने कुणाची नोकरी जात नाही, आणि खाली वाचणाऱ्या अकरावीतल्या एखाद्या पोरीला वाट कुठून जाते ते कळते.

आणि दहा वर्षे झाली असतील तर तीन कामे तुमच्याकडे येतात. एक, मित्रांनी मिळून डिपॉझिटचा फिरता निधी करा. दहा जणांनी प्रत्येकी पाच हजार टाकले तर पन्नास हजार होतात. त्यातून जूनमध्ये चार-पाच पोरांचे डिपॉझिट निघते आणि हप्ता आला की ते परत येते. दोन, तुमच्या नावावर करार असलेल्या फ्लॅटमध्ये, मालकाच्या लेखी संमतीने, एका विद्यार्थ्याला जागा द्या. ते जमत नसेल तर खोली शोधताना त्याच्यासोबत जा आणि करार झाल्याशिवाय पैसे देऊ देऊ नका. तीन, बारावीच्या निकालानंतरचे दोन रविवार गावात बसून फॉर्म भरून द्या: वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार, आणि तो बँकेतला एक प्रश्न.

हे दानधर्म नाही. शाहूंच्या बोर्डिंगमधून सोलापूरच्या वसतिगृहाकडे आणि तिथून तुमच्या हॉस्टेलच्या खाटेपर्यंत आलेली ही एकच साखळी आहे. तुम्ही तिच्यातली एक कडी आहात. ‘एकटाच आलो’ असे लिहिले की साखळी तुमच्यापाशी तुटते, आणि पुढच्या जूनमध्ये पहाटे स्वारगेटला उतरणारे पोर खरोखरच एकटे उरते.

जय भीम.